चौदा दिवस, दोन तास आणि नाकाची रुंदी

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या ‘स्टीम’ या दुकानातून संगणकावरील खेळ विकत घेणाऱ्याला पैसे परत मिळण्याची जी सोय जून २०१५ पासून आहे, ती कागदावर इतकी उदार दिसते की मंडईत आंबा चोखून परत देऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकालाही तिचा हेवा वाटावा. खरेदीपासून १४ दिवस उलटलेले नसतील आणि खेळ २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर कोणत्याही कारणास्तव परतावा मागता येतो. अर्ज करताना पुढे येणाऱ्या कारणांच्या यादीत ‘खेळ चुकून विकत घेतला’ असाही एक पर्याय असतो, आणि मनुष्यस्वभावाचा इतका विचार करणारी यादी सरकारी अर्जांत क्वचितच आढळते. या उदारतेच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने कंपनीला ‘परतावा नाही’ या तिच्या भूमिकेवरून न्यायालयात खेचले होते आणि २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंडही झाला. या तारखांची जवळीक योगायोगाची मानावी की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दोन अटींपैकी १४ दिवसांची अट निरुपद्रवी आहे, कारण कॅलेंडर सर्वांना दिसते. खरी गंमत २ तासांच्या अटीत आहे. स्टीम ज्याला ‘खेळलेला वेळ’ म्हणते तो वस्तुतः खेळाचा कार्यक्रम संगणकावर चालू असल्याचा वेळ असतो, आणि त्या वेळात मालक खेळत होता, जेवत होता की दारात आलेल्या शेजाऱ्याशी पाणीकपातीवर बोलत होता, याची चौकशी हे घड्याळ करत नाही. अनेक नवे खेळ पहिल्यांदा उघडल्यावर ‘शेडर’ तयार करत बसतात, म्हणजे प्रकाश, सावली व पृष्ठभाग चितारण्याच्या सूचना त्या विशिष्ट संगणकाच्या चित्रपत्त्याला समजतील अशा रूपात आणतात. हे काम बरीच मिनिटे चालते आणि ती मिनिटे गिऱ्हाइकाच्याच खात्यावर पडतात. त्यानंतर भूमिकाप्रधान खेळ असेल तर नायकाचे रूप घडवण्याचा विधी येतो. नाकाची रुंदी, भुवयांचा बाक आणि जबड्याचा कोन यांवर तासभर खर्च करणारी माणसे थोडी नाहीत, आणि एवढे करून तो चेहरा पुढे शिरस्त्राणाखाली झाकला जातो. कथेला सुरुवात होते तेव्हा परताव्याचा हक्क शेवटच्या घटका मोजत असतो.

उलट बाजूने पाहता, जो खेळ मुळातच दीड तासात संपतो तो पूर्ण खेळून, शेवट पाहून, वर पैसेही परत घेता येतात. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ५८’ या छोट्या भयकथेच्या निर्मात्याने याच कारणाने खेळनिर्मिती अनिश्चित काळासाठी सोडत असल्याचे जाहीर केले. सुरुवातीची तयारीच लांबवणाऱ्या मोठ्या खेळाला जो नियम ढाल ठरतो, तोच आटोपशीर कलाकृतीचा घास घेतो, ही या व्यवस्थेतली सर्वांत खोल खोट आहे.

पूर्वनोंदणी, म्हणजे खेळ प्रकाशित होण्याआधीच त्याचे पैसे भरून ठेवणे, हे प्रकरण तुलनेने सरळ होते. प्रकाशनापूर्वी ती केव्हाही रद्द करता येते, आणि नेहमीचे १४ दिवस पैसे भरल्यापासून नव्हे तर प्रकाशनाच्या दिवसापासून मोजले जातात. परंतु पुढे महागड्या आवृत्तीच्या खरेदीदाराला काही दिवस आधी खेळू देण्याची ‘आगाऊ प्रवेश’ नावाची प्रथा रुजली, आणि त्या दिवसांतला वेळ मोजला जात नसल्याचे चाणाक्षांच्या ध्यानात येताच ते मनसोक्त खेळून प्रकाशनाच्या तोंडावर पैसे परत मागू लागले. एप्रिल २०२४ मध्ये ही फट बुजवण्यात आली. समजा, एखाद्याने १ मे रोजी पूर्वनोंदणी केली, १७ मेपासून त्याला आगाऊ प्रवेश मिळाला, त्यात तो दीड तास खेळला आणि २० मे रोजी खेळ प्रकाशित झाल्यावर आणखी चाळीस मिनिटे खेळला. जुन्या हिशेबाने त्याच्या नावावर चाळीसच मिनिटे पडली असती. आताच्या हिशेबाने २ तास १० मिनिटे होतात, आणि १४ दिवसांतले जवळजवळ सगळे दिवस हाती असूनही त्याचा नियमाने मिळणारा हक्क संपलेला असतो. चाचणीसाठी खुल्या केलेल्या आवृत्तीतला वेळ मात्र यात धरला जात नाही.

मर्यादेबाहेरच्या गिऱ्हाइकालाही अर्ज करण्याची मुभा आहे, कारण असे अर्ज पाहू, एवढे आश्वासन धोरणातच दिलेले आहे. मंजुरीचे मात्र दिलेले नाही. शिवाय खरेदीनंतर लगेच तोच खेळ सवलतीत निघाला, तर परतावा घेऊन कमी दरात पुन्हा विकत घेणे हा गैरवापर मानला जात नाही, असे कंपनीने स्पष्टच लिहून ठेवले आहे. तेव्हा खरेदीदाराने पहिल्या बैठकीत नाक जसे मिळेल तसे स्वीकारावे, थेट कथेत शिरावे, आणि जेवायला उठताना खेळ नुसता थांबवून न ठेवता पूर्ण बंद करावा.