पैसे कटले, माकडं हसली

माझा भाचा पुण्यात किराणा घरपोच देणाऱ्या एका कंपनीत आहे. अ‍ॅप अडकलं की गिऱ्हाईक भडकतं, म्हणून पडद्यावर टाकायला त्याला मराठीत गमतीदार ओळी हव्या होत्या. ‘‘मामा, तुम्ही विनोदी लिहिताच. फुकटात लिहून द्या,’’ म्हणाला. दुसरं वाक्य पहिल्याहून खरं होतं.

त्याचा नमुना असा : ‘अरेरे! आमच्या माकडांनी वायर कुरतडली! पुन्हा प्रयत्न करा.’

मी तो इथं आमच्या आमगावात शेजारच्या काकूंना दाखवला. म्हटलं, समजा तुमचे सहाशे चाळीस रुपये कटले आणि हे आलं. काकू म्हणाल्या, ‘‘माकडं राहू दे बाप्पा, माहे पैसे कोठी गेले?’’

सगळी गोम तिथंच आहे. चक्र दोन-चार सेकंद फिरतं तेव्हा विनोद चालतो, तोही पहिल्यांदा. तोच विनोद तिसऱ्यांदा आला की लग्नातल्या जावयासारखा वाटतो. चक्र दहा सेकंदांपुढे गेलं, तर काय चाललंय ते सांगावं : ‘दुकानात तूरडाळ आहे का, बघतोय.’ पण पैसे अडकले की हसणं बंद. शिवाय ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण तिथं घातक, कारण काकू ते दाबणार आणि आणखी सहाशे चाळीस जाणार.

मी लिहिलं : ‘पैसे खात्यातून गेले, पण ऑर्डर नोंदली गेली नाही. पुन्हा पैसे भरू नका. पाच दिवसांत ते आपोआप परत येतील. तुमची यादी जपून ठेवली आहे.’ खाली बटण : ‘पैशांचं काय झालं ते पाहा’. पाच दिवस मी मनानं घातले नाहीत. दुकानदाराला यूपीआयनं दिलेले पैसे असे अडकले, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत परत करावेत, पुढं उशिराच्या दर दिवसाला शंभर रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. भाचा म्हणाला, ‘‘यात गंमत कुठाय?’’ म्हटलं, शंभर रुपयांत.

माल संपल्याचा पडदा मात्र मी आमच्या किराणावाल्याकडून उचलला. तो ‘क्षमस्व’ म्हणत नाही. ‘‘तूर संपली भाऊ, सकाळी येते. तोवर लाखोळी देऊ का?’’ कारण, वेळ आणि पर्याय, तेही हातातला तराजू खाली न ठेवता. पुण्यानं लाखोळी खोडून ‘क्विनोआ’ केलं.

उरला ‘आम्ही तुमच्या भागात लवकरच येतोय!’ हा पडदा. तो यादी भरून झाल्यावर उगवायचा. मी पिनकोड आधी विचारायला लावला आणि ‘लवकरच’ काढलं. आमगावात हा शब्द निवडणुकीत वापरून झिजलेला आहे. आता ओळ अशी आहे : ‘आमगावात आम्ही अजून नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जा, उधारीही मिळेल.’

कंपनीनं ती अजून मंजूर केलेली नाही. चक्र फिरतंय.