आपली उपस्थिती हाच आहेर

ऑफिसचं मीटिंगचं आमंत्रण आणि लग्नपत्रिका यांत एक मोठं साम्य आहे. दोन्हींत वेळ, स्थळ आणि निमंत्रितांची यादी चोख असते, पण तुम्ही तिथे येऊन नेमकं काय करायचं याबद्दल अवाक्षर नसतं. आपली उपस्थिती हाच आहेर! फरक इतकाच की लग्नात निदान जेवण मिळतं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे असंच एक आमंत्रण आलं. विषय ‘दिवाळी डिस्पॅच – क्विक सिंक’, गुरुवारी साडेचार ते साडेपाच, माणसं अकरा. विषयपत्रिकेच्या जागी व्हिडिओ कॉलची लिंक. अकरा माणसांचा एकेक तास म्हणजे एका माणसाचा दीड दिवस जवळजवळ. एवढी रजा मागितली असती तर अर्जावर तीन सह्या लागल्या असत्या. मीटिंग मात्र कुणाच्याही सहीशिवाय लागते.

आता ‘नाही’ म्हणायचं कसं? मराठी माणसाला नकार तोंडावर देता येत नाही, म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो. कॅलेंडर बनवणाऱ्यांनी आपली ही गरज ओळखून ‘मेबी’ नावाचं बटण दिलेलं आहे. ते दाबलं की तुम्ही येतही नाही आणि लोक तुमची वाट बघत दहा मिनिटं सुरूही करत नाहीत. दुसरा प्रकार सबबीचा. ‘त्या वेळी दुसरा कॉल आहे’ असं सभ्यपणे कळवलं की दोन मिनिटांत मीटिंग शुक्रवारी सरकते, आणि तीही तुमच्या सोयीसाठी, त्यामुळे आता आजारी पडायचीही सोय उरत नाही. वेळ नाही हे कारण दिलं की समोरचा वेळ शोधून देतो. खरं कारण वेगळंच असतं : या कामाला मीटिंग लागत नाही. ते सांगायचं तर मीटिंगचं काम आपणच नकारासोबत करून पाठवावं लागतं. म्हणून आळशी माणसं मीटिंगला जातात.

आमच्या विभागातल्या एका सहकारी बाईंनी हे करून दाखवलं. मॅनेजरना, फक्त मॅनेजरना, अकराजणांना नव्हे, त्याच दिवशी त्यांनी पाठवलेलं उत्तर असं :

‘सर, गुरुवारच्या मीटिंगला मी येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ठरवायचं एकच आहे : दिवाळीआधी पोचवायच्या ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घ्यायच्या. गोदामाचे आकडे आणि दोन पर्याय सोबतच्या पानावर मांडले आहेत. माझं मत दुसऱ्या पर्यायाला आहे. गोदाम आणि विक्रीवाल्यांनी बुधवारी चारपर्यंत त्याच पानावर हरकती लिहिल्या, तर पाचला तुम्ही निर्णय कळवू शकाल. एखादा मुद्दा लिहून सुटला नाही, तर तेवढ्यापुरती मी पंधरा मिनिटं फोनवर आहे.’

‘येत नाही’ या शब्दांकडे बघा. ‘येऊ शकत नाही’ असं असतं तर कुणीतरी त्यांना शकवलं असतं. त्यापुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ‘दिवाळी डिस्पॅच’ हा विषय होता, प्रश्न नव्हता. विषयावर अकराजण तासभर बोलू शकतात. ‘कोणत्या तारखेपर्यंत?’ या प्रश्नावर मात्र तारीख सांगावी लागते. आणि बाईंना प्रश्न चुकीचा कळला असता, तर सरांनी एका ओळीत तसं सांगितलं असतं, तासभर बसायची गरज नव्हती. शेवटी, निर्णय कोणाचा हे पत्रात स्पष्ट आहे : सरांचा. ते लिहिलं नाही तर त्या पानावर चाळीस शेरे जमतात, प्रत्येक जण ‘छान मुद्दा’ म्हणतो आणि शनिवारी त्या शेऱ्यांवर चर्चा करायला मीटिंग लागते.

सर थोडे दुखावले. ‘अहो, पण सगळे भेटले असते ना,’ म्हणाले. ही भावना मी समजू शकतो. मीटिंगमध्ये निर्णय ‘सर्वानुमते’ होतो, म्हणजे नंतर बिघडलं तर तो कुणाचाच नसतो. कागदावर मात्र कोणी काय म्हटलं हे तारीखवार राहतं. विक्रीवाल्यांनी आजवर प्रत्येक मीटिंगमध्ये ‘गोदामाचं बघायला पाहिजे’ असं सांगून वेळ मारून नेली होती. पानावर त्यांच्या नावापुढे मोकळी जागा दिसायला लागल्यावर बुधवारी पावणेचारला तिथे एक तारीख उगवली.

तसं कागदावर ठरवणं हे काही बंडखोरीचं काम नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७५ मध्ये संचालक मंडळालाही ही सोय दिलेली आहे. ठरावाचा मसुदा लागणाऱ्या कागदांसह सगळ्या संचालकांकडे पाठवायचा, बहुसंख्यांनी मान्यता दिली की ठराव मंजूर. पुढच्या बैठकीत त्याची नोंद घ्यायची, एवढंच. कर्ज काढणं किंवा हिशेबपत्रकं मंजूर करणं अशा मोठ्या गोष्टींना मात्र बैठकच लागते. म्हणजे कोट्यवधींची कंपनी काही निर्णय कागदावर घेऊ शकते, पण आमच्या मजल्यावर चहाचं मशीन हलवायचं तर कॉन्फरन्स रूम बुक करावी लागते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९४४ साली, युद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तचर खात्याने घातपाताची एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या ताब्यातल्या साध्या नागरिकांनी कामात खोडा कसा घालावा हे तिच्यात सांगितलं आहे. यंत्रं बिघडवण्याच्या युक्त्यांसोबत तिथे असाही सल्ला आहे की तातडीचं काम असेल तेव्हा बैठका घ्या, सगळे विषय समित्यांकडे सोपवा, आणि समित्या शक्य तितक्या मोठ्या, किमान पाच जणांच्या ठेवा. आमच्याकडे अकरा होते. शत्रू कोण, तेवढंच कळलं नाही.

तरी सगळंच कागदावर ढकलणारेही मी पाहिले आहेत. एका महाशयांनी सहकाऱ्याचं काम काढून घेतल्याचं ई-मेलवर कळवलं, खाली मुद्देसूद तक्ता जोडून! माणसाच्या पोटाचा किंवा मानाचा प्रश्न असेल तर उठून त्याच्यासमोर जाऊन बसावं. भांडणाचंही तसंच. पानावर तेच दोघं तिसऱ्यांदा एकमेकांना उत्तर देऊ लागले आणि वाक्यांत ‘मी आधीच स्पष्ट केल्याप्रमाणे’ आलं, की लिहिणं थांबवून त्या दोघांनाच, फक्त त्या दोघांनाच, फोनवर घ्यावं. आमच्याकडे गोदाम आणि विक्रीत तसं झालं. नऊ मिनिटांत मिटलं. बाकीच्या नऊजणांना ते भांडण बघायला मिळालं नाही, याची हळहळ अजून आहे.

तारीख बुधवारी पाचला ठरली. गुरुवारची मीटिंग रद्द झाली आणि साडेचारला अकरापैकी बरेच जण आपापल्या जागी जरा ओशाळून काम करताना दिसले. त्याच कलम १७५ मध्ये एक मेख मात्र आहे : एकूण संचालकांपैकी किमान एक तृतीयांश जणांनी हट्ट धरला, तर तो ठराव बैठकीतच ठरवावा लागतो. आमच्या अकरांत एक तृतीयांश म्हणजे चारजण. तिघे तयार आहेत, आणि चौथ्याच्या शोधात ते आज सकाळपासून माझ्या टेबलाभोवती फिरतायत.