दौंडला गाडी उलटी जाते

चि. गोट्यास, अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू बडनेऱ्याहून पुण्याला निघणार. कॉलेजबद्दल मला काही कळत नाही; तिथे मी शिकलो, एवढ्याने अधिकार येत नाही. तेव्हा दौंडबद्दल सांगतो.

मला पोचवायला बाबा, म्हणजे तुझे पणजोबा, आले होते. सोबत पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि मी, याच क्रमाने महत्त्वाचे. वाटेत भुसावळला केळी दिसली आणि मनमाडला अंधार. सकाळी दौंड आलं. इंजिन सुटलं आणि डब्यांना टाकून एकटंच निघून गेलं. बाबा चहा पीत होते. थोड्या वेळाने इंजिन आमच्या शेपटाला लागलं आणि बाबांचा चहा सांडला.

"अबे, गाडी वापस चालली!"

ट्रंक खाली, वळकटी खाली, कॉलर धरून मीही खाली. गार्ड समजावू लागला. मनमाडचा फाटा पुण्याच्या बाजूने दौंडात शिरतो, म्हणून गाडी सोलापूरकडे तोंड करून उभी राहते. सोलापूरला जायचं तर ठीक. पुण्याला जायचं तर इंजिन मागे लावून आल्या दिशेनेच निघायचं. १८७८ पासून हे असंच आहे. बाबा म्हणाले, "मग आम्हाले कोणी सांगतलं नाही ते?"

तेवढ्यात ब्रेकच्या नळ्या जोडून झाल्या. शिट्टी झाली. वळकटीचा दोर सुटला, गादी फलाटावर पसरली. धोतर सावरत बाबा ट्रंकेमागे, मी गादीमागे. एका हमालाने सगळं, आमच्यासकट, डब्यात कोंबलं. आता पाठ होती तिकडे तोंड झालं होतं आणि समोरच्या बाई आम्हाला बघून पदरात हसत होत्या. मला अजून त्या बाईंचा राग येतो.

खरं सांगू? गाडी परत चालली म्हणताना बाबा घाबरले नव्हते. त्यांना बरं वाटलं होतं. मग पुण्यापर्यंत ते बोलले नाहीत.

आता पुण्याच्या बऱ्याच गाड्यांना इंजिन फिरवावं लागत नाही. अलीकडेच बाहेरच्या बाहेर एक जोडमार्ग काढलाय आणि त्यावर वेगळं स्टेशन आहे, दौंड कॉर्ड लाईन. ते जुन्या जंक्शनपासून लांब आहे. तुझी दौंडची आत्याआजी मात्र डबा घेऊन जंक्शनवरच उभी राहणार. तिला मी दोनदा समजावलं. ती म्हणाली, "दादा, दौंड माझं आहे की तुझं?" तेव्हा तुझी गाडी कुठल्या दौंडला थांबते ते नीट बघ आणि तिला आदल्या रात्री फोन कर. माझं नाव सांगू नकोस, नाहीतर ती मुद्दाम जंक्शनलाच जाईल. डब्यात पुरणपोळ्या आहेत.

तुझा,
आजोबा