समजा, रात्री दोन वाजता

बाबा बहात्तर वर्षांचे, मुक्काम मानोरा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं, वर्षाला पाच लाखांचं वय वंदना कार्ड त्यांनी काढलं आणि लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवलं. त्यांच्या मते काम संपलं. मी पुण्यात बसून पुढची तयारी करत होतो.

"बाबा, समजा रात्री दोन वाजता तुमच्या छातीत दुखलं..."

"मह्याच काऊन? तुह्या सासऱ्याच्या छातीत दुखव न!"

सासरेबुवांना मनोमन नमस्कार करून मी hospitals.pmjay.gov.in उघडलं. जिल्हा वाशीम टाकला. यादी आली, मी सुखावलो. मग 'स्पेशालिटी'च्या रकान्यात हृदयरोग निवडला आणि यादी गळू लागली. दवाखाना योजनेत असतो तो ठरावीक विभागांपुरता. हाडांसाठी मंजूर असलेल्या ठिकाणी हृदय घेऊन गेलं तर ते आदराने बसायला खुर्ची देतील. शिवाय संगणकाला जिल्ह्याची हद्द कळते, रस्ता कळत नाही. मानोऱ्याहून दिग्रस जवळ. पण ते यवतमाळ जिल्ह्यात, म्हणून वाशीमच्या यादीत येणारच नाही. यवतमाळ आणि अकोला वेगवेगळे शोधावे लागले. यादी शिळीही असू शकते, म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन करून आरोग्यमित्राला दोनच प्रश्न विचारले: अँजिओप्लास्टी या कार्डावर होते का, आणि रात्री करणारा डॉक्टर असतो का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी आधी खोकला ऐकू आला.

इथे माझ्या मित्राने, तो हृदयरोगतज्ज्ञ आहे, माझा आराखडाच उलटा केला. निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग प्रवास. म्हणजे १०८ ला फोन, जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी, रक्तस्रावाचा धोका नसेल तर तिथेच इंजेक्शन, आणि साधारण तीन ते चोवीस तासांत मोठ्या दवाखान्यात अँजिओग्राफी. इंजेक्शनचा साठा आहे का, हे आधीच विचारून ठेवायचं. तिथून निघताना ईसीजी आणि इंजेक्शनची वेळ लिहिलेली रेफर चिठ्ठी हवी. पुढच्या ठिकाणी खाट आहे का, हे डॉक्टरने डॉक्टरला विचारलेलं बरं. नातेवाइकाला मिळालेलं "या, बघू" म्हणजे खाट नव्हे. मंजुरीही तिथे नव्याने घ्यावी लागते, म्हणून कार्ड आणि आधार सोबत. देव्हाऱ्यातून बाहेर.

आईने हे सगळं वहीत उतरवलं, मोठ्या अक्षरात. बाबांनी वही वाचून एकच दुरुस्ती सुचवली.

"अकोल्याले मावशी हाये, डबा येईन. नागपूरले तुह्या सासरचे. तेथी जाचं असन तर मले दुखतच नाही म्हणून सांग."