अर्जंटकाका

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मनाने अतिशय सज्जन आहेत. फक्त ते व्हॉट्सॲपवर लिहायला लागले की आग लागल्यासारखं वाटतं. सोसायटीतली पोरं त्यांना अर्जंटकाका म्हणतात, आणि हे त्यांना माहीत आहे. त्यांना तो सन्मान वाटतो.

काकांची नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथे फायलीला ‘तातडीचे’ अशी चिठ्ठी लावत. मग सगळ्याच फायलींना ती लागली, म्हणून ‘अतितातडीचे’ निघाली. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर नुसत्या ‘अतितातडीचे’ फायलींची चळत होती आणि तळाची फाईल दोन पावसाळे जुनी होती, असं तेच कौतुकाने सांगतात. कचेरी सुटली, चिठ्ठी सुटली नाही. मराठीत मोठी अक्षरं नाहीत हे काकांचं खरं दुःख. इंग्रजीत माणूस ओरडू शकतो, मराठीत काय करायचं? म्हणून ते ओरडण्यापुरते इंग्रजीत जातात आणि ओरडून झालं की परत मराठीत येतात.

जिन्यात राहिलेली छत्री, वर्गणीची पावती, आडवी लावलेली स्कूटर आणि लिफ्टची दुरुस्ती या सगळ्यांना ते सारखेच तीन लाल दिवे लावतात. ए विंगमधल्या एका आजोबांना दिसत नाही, त्यांचा फोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. चित्रंही नावानिशी वाचतो. त्यामुळे काकांचा मेसेज आला की आजोबांच्या घरातून ‘पोलीस कार लाइट, पोलीस कार लाइट, पोलीस कार लाइट’ असा घोष ऐकू येतो आणि आजोबा पुढचं ऐकण्याआधीच फोन बंद करतात. बाकीच्यांनी तर ग्रुपच म्यूट करून ठेवला आहे.

लांडगा आला तो एका सोमवारी. पंप जळाला. काकांनी नेहमीच्या थाटात कळवलं, कोणी वाचलं नाही, आणि अकराच्या सुमाराला निम्मी सोसायटी तोंडाला साबण लावून उभी. त्या संध्याकाळी बी विंगमधल्या बाई काकांकडे गेल्या. बाई एका दैनिकात उपसंपादक होत्या, आता निवृत्त आहेत. दुसऱ्याचा मजकूर दिसला की त्यांचा हात आपोआप पेन शोधतो.

‘‘पुढचा मेसेज पाठवायच्या आधी मला दाखवा,’’ त्या म्हणाल्या. काका बिचकले, पण पुढच्याच आठवड्यात टाकी धुवायची होती. त्यांनी मसुदा आणून दाखवला. तो असा होता:

```
🚨🚨🚨 * अत्यंत अत्यंत तातडीचे * 🚨🚨🚨
URGENT!!! URGENT!!! MOST IMPORTANT!!!
*सर्व सन्माननीय सभासदांनी कृपया गांभीर्याने
नोंद घ्यावी* की *उद्या* पाण्याची *प्रचंड*
गैरसोय होणार आहे!!! सर्वांनी *योग्य ती
खबरदारी* घ्यावी ही *कळकळीची विनंती*!!!
नंतर तक्रार चालणार नाही!!!
```

बाईंनी चष्मा लावला. ‘‘काका, पाणी जाणार म्हणजे किती वाजता?’’

‘‘दहाला.’’

‘‘येणार कधी?’’

‘‘चारपर्यंत. टाकी धुवायला एवढा वेळ लागतोच.’’

‘‘सगळ्यांचं?’’

‘‘छे! सी विंगची टाकी वेगळी आहे.’’

‘‘मग यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.’’

काका गप्प. मेसेजमध्ये उद्गारचिन्हं चिक्कार होती, वेळ एकही नव्हती. ‘योग्य ती खबरदारी’ म्हणजे बादली भरायची की सत्यनारायण घालायचा, तेही कळत नव्हतं.

मग बाईंनी सफाई काढली. पहिले गेले लाल दिवे, कारण कुलूप लावलेल्या फोनवर मेसेजच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. तेवढ्यात दिवे आणि URGENT बसले की पाण्याला जागा उरत नाही. ‘‘पहिल्या ओळीतच माणसाला कळलं पाहिजे की माझं काय अडणार आहे,’’ बाई म्हणाल्या. दुसरं गेलं ‘उद्या’. म्हणजे शब्द ठेवला, पण शेजारी वार आणि तारीख घातली. मेसेज पुढे ढकलला जातो, तीन दिवसांनी कुणाच्या तरी भाचीकडे पोचतो आणि तिचं उद्या वेगळंच असतं.

ठळक अक्षरांवरून जुंपली. काकांचं म्हणणं, ठळक केलं नाही तर लोक वाचत नाहीत. बाईंचं म्हणणं, सगळंच ठळक केलं तर काही ठळक राहत नाही. शिवाय पहिल्या ओळीत काकांनी चांदणी आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडली होती, त्यामुळे अक्षरं ठळक न होता नुसत्या चांदण्याच दिसणार होत्या. शेवटी तडजोड झाली. ठळक करायचं एकच, आणि काय करायचं ते काकांनी ठरवायचं. काकांनी बराच विचार केला आणि वेळ निवडली. बाई म्हणतात, काका त्या क्षणी संपादक झाले.

सी विंगला पाणी असेल हे लिहायला मात्र काका तयार होईनात. ‘‘त्याने मेसेजचं वजन जातं हो!’’ बाईंनी उलटं सांगितलं. धोका कुठे नाही हे जो सांगतो, त्याने धोका कुठे आहे सांगितलं तर लोकांना पटतं. सगळ्यांनाच घाबरवणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. ‘नंतर तक्रार चालणार नाही’ हे तर त्यांनी वाचून न दाखवताच खोडलं.

उरलं ते असं:

```
उद्या, गुरुवार 12 तारखेला, *सकाळी 10 ते दुपारी 4*
ए आणि बी विंगला पाणी नसेल. सी विंगला असेल.
वरची टाकी धुवायची आहे.
पिण्याचं आणि वापराचं पाणी 9 पर्यंत भरून ठेवा.
बाहेर जाताना सगळे नळ बंद आहेत ना, पाहा. पाणी
आल्यावर उघडा नळ वाहत राहील.
4 नंतर सुरुवातीचं गढूळ पाणी पिऊ नका.
काम लांबलं तर 3 वाजता इथेच कळवतो.
- सेक्रेटरी, बुधवार संध्याकाळी 7
```

काकांनी तो दोनदा वाचला. ‘‘फार थंड वाटतो,’’ ते म्हणाले.

‘‘तार करायची असती तर तुम्ही भिकेला लागला असता,’’ बाई म्हणाल्या. तारेत शब्दाला पैसे पडत आणि एक्स्प्रेस तारेला जास्त, त्यामुळे तातडी खरी असेल तरच लोक ती विकत घेत. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली आणि तातडी फुकट झाली.

यात सर्वांत मोलाची ओळ मला ‘3 वाजता कळवतो’ ही वाटते. कारण काकांनी खरंच तीनला कळवलं: काम वेळेत आहे. तेवढ्या एका ओळीने जो विश्वास बसला तो आधीच्या शेकडो चांदण्यांनी बसला नव्हता. गुरुवारी सकाळीच आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या बादल्या भरलेल्या होत्या. काका मात्र थोडे नाराज होते, कारण मेसेजला एकही हात जोडलेलं चित्र आलं नाही. लोकांनी वाचलं, पाणी भरलं आणि कामाला लागले.

लाल दिवे खऱ्या संकटात तरी लावायचे का, हा प्रश्न बाईंनीच काढला. त्यांनी काकांना विचारलं, जिन्यात गॅसचा वास आला तर काय कराल? काकांचा हात फोनकडे गेला. बाईंनी तो धरला. जे दहा मिनिटांत हाताबाहेर जाईल ते म्यूट केलेल्या ग्रुपवर टाकायचं नसतं. बटणाला, बेलला हात न लावता हाका मारायच्या, दारं वाजवायची, माणसांना बाहेर काढायचं आणि मोकळ्यावर जाऊन मग फोन करायचा. लिहिण्याइतका वेळ असेल तर शांतपणे लिहिण्याइतकाही वेळ असतो.

काका आता मसुदा दाखवायला येतात. कधी चांदण्या वाढतात, कधी एखादा दिवा चोरून येतो, बाई काढून टाकतात. तुमच्याही सोसायटीत असा एखादा काका असेलच. त्याला ग्रुपवर हसू नका आणि म्यूटही करू नका. पाठवायच्या आधी मसुदा मागून घ्या आणि एवढंच विचारा: किती वाजता, कुणाचं, आणि मी काय करायचं?