आधी दोन जबाब, मग निकाल

मधल्या सुट्टीत सहावीतल्या पोराला मार बसतो. सर दोघांना समोरासमोर उभं करून विचारतात, “काय झालं रे?” मार खाल्लेला पोरगा मारणाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, “काही नाही सर, पडलो.” मग नोंदवहीत ओळ पडते: ‘दोन विद्यार्थ्यांत किरकोळ भांडण. समज दिली.’

ही ओळ तटस्थ नाही. भांडण म्हटलं की दोघांचाही दोष आला, किरकोळ म्हटलं की प्रकरण संपलं. ‘अमुकने नेहमीप्रमाणे दादागिरी केली’ असं लिहिणंही तितकंच चूक, कारण चौकशीआधीच त्यात शिक्षा लिहिलेली असते.

डोळ्यांना दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहा: ‘११.४० वाजता, पाण्याच्या टाकीजवळ, अ याने ब याचं दप्तर ओढलं. ब खाली पडला. डावं कोपर खरचटलं. हे ड्युटीवरच्या बाईंनी पाहिलं.’ न पाहिलेलं लिहायचं तर ते कोण म्हणालं, हेही लिहा.

जबाब त्याच दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत घ्या. पहिल्याचा झाल्यावर दुसऱ्याला बोलावेपर्यंत दोघांची गाठ पडू देऊ नका. “त्याने ढकललं ना तुला?” असं विचारलं की उत्तर तुमचंच येतं. “सुट्टी झाल्यापासून काय काय झालं ते सांग,” एवढं म्हणा आणि थांबा. पोराला नीट लिहिता येत नसेल तर त्याचेच शब्द उतरवून घ्या, वाचून दाखवा, मग सही आणि वेळ. अकरा वर्षांच्या मुलाच्या जबाबात ‘मानसिक छळ’ असं आलं, किंवा दोन्ही जबाबांत वाक्यं सारखीच निघाली, तर समजा की लिहिणारा तिसराच आहे.

एकटा बसल्यावर ब सांगतो, “सोमवारपासून माझा डबा घेतो. सांगितलंस तर बघ म्हणतो.” अ सांगतो, “त्याने मला आईवरून शिवी दिली.” दोन्ही ठेवा. मेळ बसवायला जाऊ नका, विसंगतीही तशीच राहू द्या. दप्तर ओढणं एका दिवसाचं असतं. डब्याची गोष्ट खरी निघाली तर चार दिवसांची दहशत कळते, आणि ती समोरासमोर कधीच कळली नसती. ती तपासायला डब्याच्या रांगेत बसणाऱ्या पोरांनाही वेगवेगळं विचारा.

एक मर्यादा मात्र पाळायलाच हवी. बोलताना लैंगिक त्रासाचा उल्लेख आला तर शाळेने खोदून विचारायचं नाही. पोक्सो कायद्याने, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने, ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे.

पालकांनो, शाळेतून ‘किरकोळ भांडण’ असा निरोप आला तर एवढंच विचारा: माझ्या मुलाचा जबाब वेगळा घेतला का, आणि तो त्याच्याच शब्दांत आहे का?