कडेचं बटण, विहिरीवरची मोटर

ॲपलने सप्टेंबर 2023 मध्ये आयफोन 15 प्रो बाजारात आणला. त्याच्या कडेवरची, आवाज बंद करायची जुनी खटकी काढून टाकली आणि तिथे एक बटण बसवलं. दाबून धरा, तुम्ही नेमून दिलेलं काम होईल. एक काम नव्हे, हवी तर कामांची अख्खी माळ. शहरातल्या लोकांनी या सोयीचं काय केलं? बऱ्याच जणांनी त्यावर टॉर्च लावला. भारतात 1,34,900 रुपयांना आलेल्या फोनचा टॉर्च! आमच्या आठवडी बाजारात तो शंभर-दोनशेत मिळतो, शिवाय सेल सोबत देतात.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या हसनाबादला असल्या बटणाबद्दल पहिला प्रश्न येणार तो वेगळाच. याने मोटर चालू होती का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फोनवरून मोटर चालवणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ साध्या बटणांच्या मोबाइलच्या जमान्यातलं, आणि 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत त्याचा गौरवही झाला. आता मोबाइल स्टार्टर तालुक्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पेटीत एक सिम असतं. नोंदवलेल्या नंबरावरून फोन केला की पेटी उचलते, लाईट आहे की नाही ते सांगते आणि आकडा दाबायला लावते. बऱ्याच पेट्यांत 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद. काही पेट्या नुसत्या मिस्ड कॉलवरही भागवतात. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने येते, तेव्हा रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जाण्यापेक्षा अंथरुणातून फोन करणं शहाणपणाचंच. ज्याच्या पायाखाली कधी साप आला असेल त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

तर दिवाळीला भाचा पुण्याहून येतो. येताना शहाणपण घेऊन येतो. मामाचा फोन अँड्रॉइडचा, त्याला वेगळं कडेचं बटण नाही. भाचा म्हणतो, “मामा, त्याला काय होतंय? आवाजाचं बटण आहे की!” मग तो मॅक्रोड्रॉइड नावाचं ॲप टाकतो. फुकटात पाच मॅक्रो करू देतं, मधून मधून जाहिरात दाखवतं. त्यात आधी निमित्त निवडायचं, मग कृती, मग अटी. भाचा निमित्ताच्या जागी ‘आवाज कमी करायचं बटण दाबून धरणे’ ठेवतो आणि कृतीच्या जागी ‘मोटरला फोन’. अटींची जागा रिकामी सोडतो. तरुण माणसाला अटी आवडत नाहीत.

“दाबा मामा.” मामा दाबतात. दोन शेतं पलीकडे मोटर घुर्रर्र करते. मामी चहा ठेवतात. भाचा परत पुण्याला.

आता चौथ्या दिवशी काय होतं ते बघा. मामा ओट्यावर बसून मोबाइलवर कीर्तन ऐकताहेत. आतून आवाज येतो, “अहो, जरा हळू करा ते.” मोबाइलचा आवाज हळू करायला माणूस काय करतो? आवाज कमी करायचं बटण दाबून धरतो. कीर्तन हळू झालं आणि मिरचीच्या रानात मोटर सुरू झाली. ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह सकाळीच बंद केलेले होते. कुठलातरी जोड सुटणार हे ठरलेलं. विहिरीत पाणी तळाला गेलं असेल तर मोटर कोरडी चालणार, आणि पेटीत कोरडी मोटर ओळखणारं संरक्षण नसेल तर वाइंडिंगचा खर्च. हे झालं नुकसानीचं. त्या वेळी विहिरीत उतरून कुणी पाइप बसवत असेल किंवा केबलचा जोड बांधत असेल, तर त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

माणसं खिशातल्या अपघाताला घाबरतात. तिथे खरं तर धोका कमी. अँड्रॉइड चालू-बंदचं बटण सहसा कुठल्याच बाहेरच्या ॲपच्या हाती देत नाही, आणि स्क्रीन काळी असताना आवाजाच्या बटणाचा दाबही साधारणपणे ॲपपर्यंत पोचत नाही. म्हणजे खिशात निजलेला फोन गप्प असतो. घात होतो तो स्क्रीन जागी असताना, आपण त्याच बटणाला रोजच्या कामासाठी हात लावतो तेव्हा. एका बटणाला दोन धनी झाले की असंच व्हायचं.

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. बटणावर मोटर चालू करणं ठेवूच नका. बंद करणं ठेवा.

चालू करायची घाई कुणाला नसते. लाईट आली का, फेज बरोबर आहेत का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, रानात कुणी आहे का, एवढं बघूनच चालू करावी; त्यासाठी नीट फोन लावून पेटीचं बोलणं ऐकायला अर्धं मिनिट गेलं तर काही बिघडत नाही. (लाईट येताच आपोआप मोटर उठवणारे ऑटो स्विच काढा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. सगळ्या मोटरी एका दमात उठल्या की डीपी बसते. पण आमचा ऑटो काढायचा म्हणजे शेजाऱ्याने आधी काढायला हवा ना!) घाई असते ती थांबवायची. पाइप फुटला, पाणी शेजारच्या कांद्यात शिरलं, कुणीतरी ओरडलं. तेव्हा नंबर शोधत बसायला वेळ नसतो. आणि चुकून दाबलं गेलंच, तर मोटर बंद पडते, परत चालू करता येते. नुकसान झालंच तर ते दोन सऱ्या कोरड्या राहण्याएवढं.

आता हे बसवायचं कसं? आधी फोनच्या वहीत ‘मोटर बंद’ नावाने स्टार्टरचा नंबर असा घाला:

```
98XXXXXXXX,,2
```

स्वल्पविराम चुकून पडलेले नाहीत. पेटीने फोन उचलल्यावर प्रत्येक स्वल्पविरामाला फोन साधारण दोन सेकंद थांबतो आणि मग 2 हा आकडा आपण होऊन दाबतो. तुमची पेटी जास्त बोलकी असेल आणि आकडा तिच्या बोलण्यातच वाया जात असेल, तर आणखी एक स्वल्पविराम वाढवा. हा नंबर आधी हाताने लावून बघा. मोटर खरंच थांबली, तरच पुढे चला.

मग मॅक्रोत निमित्त तेच, बटण दाबून धरण्याचं. कृतीत त्या नंबराला फोन आणि फोनचा आवाज स्पीकरवर. इथे दोन सिमवाल्यांची गंमत होते. पेटी फक्त नोंदवलेल्या नंबराचं ऐकते. फोनमध्ये ‘दर वेळी सिम विचारा’ असं ठेवलं असेल तर स्क्रीनवर एक चौकट येऊन बसते, ‘कोणत्या सिमवरून लावू?’ आणि तुम्ही चौकट न बघता पाइपाकडे पळत असता. दुसऱ्या सिमवरून लागला तर पेटी तुम्हाला ओळखच दाखवत नाही. म्हणून मॅक्रोतच सिम नेमून द्या.

भाच्याने आणखी एक नखरा केला होता. काम झालं की फोन थरथरायचा. मामांना वाटायचं, थरथरला म्हणजे मोटर थांबली. फोनला मोटरीचं काय माहीत! तो थरथरतो तो ‘मी फोन लावला’ एवढंच सांगायला. पुढे रेंज नसेल, पेटी उचलत नसेल, आकडा चुकला असेल, त्याला काय त्याचं. म्हणून स्पीकर. ‘मोटर बंद झाली’ हे पेटीच्या तोंडून ऐकलं किंवा तिचा मेसेज आला, तरच खरं. असली पावती न देणारी पेटी असेल, तर कान रानाकडे ठेवा.

चालू करायचंही बटणावरच हवं, असा हट्ट असेल, तर मॅक्रोड्रॉइडमध्ये पुढची कामं करण्याआधी ‘करू का?’ असं विचारणारी कृती आहे. ती फोन लावण्याच्या आधी बसवा. आयफोनवाल्यांनी शॉर्टकटमध्ये ‘चालू’ आणि ‘बंद’ असा मेनू टाकावा. एक दाब जास्त लागतो. तो जास्तीचा दाब वाचवण्यासाठीच एवढं केलं होतं, असं भाचा म्हणेल. म्हणू द्या, जोड त्याला बसवायचा नाही.

बटणावर काम सोपवायचा प्रयोग सरकारनेही केलेला आहे. 2016 साली दूरसंचार विभागाने नियम काढला: 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलवर 5 किंवा 9 दाबून धरलं, आणि स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर तीनदा दाबलं, की मदतीचा फोन गेला पाहिजे. हेतू उत्तम. पण नुसत्या भराभर दाबण्यावर भरवसा ठेवला की काय होतं ते 2023 मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी अनुभवलं. तिथे अँड्रॉइडचा पाच दाबांचा संकटकालीन फोन खिशातून, पर्समधून आपोआप लागू लागला आणि पोलिसांना लोकांपुढे हात जोडावे लागले. म्हणून बऱ्याच फोनांत आधी उलटी मोजणी होते, भोंगा वाजतो, थांबवायला काही सेकंद मिळतात. पोलिसांना बोलावण्याआधी फोन विचारतो, मग साडेसात हॉर्सपॉवरची मोटर उठवण्याआधी विचारायला काय हरकत?

राहिलं ते रोजचं रडगाणं. हे ॲप बटणाचा दाब ऐकतं ते ॲक्सेसिबिलिटी नावाच्या परवानगीवर. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली पाठीमागची ॲपं मारत सुटतात, किंवा अपडेट आलं की ही परवानगी गुपचूप काढून घेतात. बटण दाबलं आणि नुसता आवाजच कमी होत गेला, तर समजा की तेच झालं. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी पुन्हा द्या, ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीच्या बंधनातून ॲप मोकळं करा. आणि फोन सगळा ठीक असून पेटीच उचलत नसेल, तर फोनला शिव्या देण्याआधी पेटीतल्या सिमचा रिचार्ज संपला का ते बघा. ते सिम कुणाच्या खिशात नसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही नसतं.